पणती कोणी धरायची?

गणपती गेले होते, मांडवाचे बांबू अजून रस्त्याच्या कडेला पडून होते, आणि भल्या सकाळी मुळशीहून माझ्या भाचीचा फोन आला. ही २०२५ सालची गोष्ट. मुळशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धरण, पाऊस, भाताची खाचरे आणि फार तर १९२१ साली सुरू झालेला सेनापती बापटांचा सत्याग्रह उभा राहतो. पण वाचकहो, हिंजवडी आणि माण ही गावेही मुळशी तालुक्यातच मोडतात. तिथल्या काचेच्या इमारतींत तुमची-आमची मुले, सुना आणि भाच्या दिवसभर बसलेल्या असतात, तेव्हा सरकारदरबारी त्या मुळशीकरच!

"मामा, कंपनीचा दिवाळीचा शुभेच्छा-व्हिडिओ करायचाय," भाची म्हणाली. "दीड मिनिटाचा. संहिता तयार आहे. तुम्ही नुसता एकदा हात फिरवा."

उमेदीच्या काळात मी रेडिओसाठी आणि पुढे जाहिरातींसाठी पुष्कळ लिहिले. त्या अनुभवावरून सांगतो, 'नुसता हात फिरवा' म्हणणारा माणूस शिंप्याला 'नुसते बटण लावा' म्हणतो आणि बाह्या नसलेला कोट पुढे करतो. मी तसे बोलून दाखवले. त्यावर तिचा आवाज जरा उतरला.

"गेल्या वर्षीच्या व्हिडिओवरून वाईट झालं, मामा. चेन्नईच्या बाईंनी सगळ्यांना पत्र लिहिलं. आणि आमच्या हिशेब विभागातली एक मुलगी, फार गुणी आहे हो, तेव्हापासून सणाच्या जेवणाला येईनाशी झाली. विचारलं तर म्हणते, काही नाही."

'काही नाही' हे उत्तर मिळाले की काहीतरी मोठे आहे, हे मला आमच्या घरात चाळीस वर्षांपूर्वीच कळून चुकले आहे. मी हिंजवडीला गेलो. वाटेतल्या वाहतुकीविषयी मी लिहीत नाही; तो अंक वेगळा काढावा लागेल.

खोलीत पाच माणसे होती, आणि भिंतीवरच्या पडद्यात चेन्नई, कोलकाता, कोची आणि मेलबर्न अशा चार शाखांची चार. संहिता इंग्रजीत होती. डाव्या रकान्यात काय दिसायचे ते, उजव्या रकान्यात काय ऐकू यायचे ते. वाचून झाल्यावर मी म्हटले, आपण एकेक वाक्य घेऊ.

पहिले वाक्य असे होते : 'आज अवघा भारत दीपोत्सव साजरा करीत आहे.' इतके निरुपद्रवी वाक्य शोधून सापडणार नाही असे मला वाटले. तोच कोपऱ्यातून एक हळू आवाज आला, "सर, 'आज' म्हणजे कधी?"

ही तीच हिशेब विभागातली मुलगी. कोंढव्याला राहणारी, मुसलमान घरातली. तिने समोर दोन कॅलेंडरे ठेवली होती. त्या वर्षी अमावास्या सोमवारी वीस ऑक्टोबरला दुपारी लागत होती आणि मंगळवारी एकवीसला संध्याकाळी संपत होती. त्यामुळे चेन्नईची दीपावली आणि कोलकात्याची कालीपूजा वीस तारखेला, आणि आपल्याकडच्या कॅलेंडरांत लक्ष्मीपूजन एकवीसला! व्हिडिओ वीसला पाठवला तर पुणेकर म्हणणार, यांना तिथी ठाऊक नाही. एकवीसला पाठवला तर चेन्नईकर म्हणणार, पुण्याच्या सोयीने आमचा सण शिळा केला.

"तुझ्या बरं लक्षात आलं?" मी विचारले.

"आमच्या ईदला नेहमीच असं होतं ना," ती म्हणाली. "चंद्र दिसेपर्यंत नक्की काही नसतं. केरळात कधी कधी आमच्या आधी होते."

पडद्यातले कोचीचे गृहस्थ हसून मान डोलवू लागले. 'आज' गेले, आणि व्हिडिओ वसुबारसेलाच, म्हणजे सतरा तारखेला पाठवायचा असे ठरले. 'अवघा' हा शब्दही त्याच गृहस्थांनी काढायला लावला. "आमच्याकडे मोठा सण ओणम," ते म्हणाले. "दिवाळीला आम्ही सुट्टी घेतो, पण अवघे आम्ही त्यात नाही."

दुसरे वाक्य अवघड निघाले. 'असत्यावर विजय मिळवून प्रभू रामचंद्र अयोध्येला परतले, तो हा दिवस.' ज्यांच्या घरी ही कथा आहे त्यांना ती प्राणाहून प्रिय आहे, आणि ती खोटी ठरवण्याचा कुणालाच अधिकार नाही. पण चेन्नईच्या बाईंचे गेल्या वर्षीचे पत्र याच वाक्यावर होते. त्यांची दीपावली नरकासुराच्या वधाची. आपले नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नानही त्याच कथेतले, हे आपण उटणे लावता लावता विसरतो. कोलकात्याला त्या रात्री काली असते. जैन मंडळींच्या दृष्टीने तो महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. शीख बांधव गुरू हरगोविंदांची ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटका झाली ती आठवण पाळतात. गुजराती व्यापाऱ्यांचे तर पाडव्याला नवे वर्षच लागते.

चहा घेऊन आलेल्या बाई हे ऐकत उभ्या होत्या. तिथल्या उपाहारगृहात काम करतात, पौडच्या पलीकडे गाव. त्यांनी भाचीला विचारले, "आणि ताई, आमचा बळी कुठं गेला?"

मी वहीवरून मान वर केली. आपल्याकडे पाडव्याला बळीची पूजा होते. इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो, असे भाऊबिजेला ओवाळताना म्हणतात. म्हणजे कथेत जो राजा पाताळात गेला, त्याचेच राज्य परत यावे अशी प्रार्थना. आणि ओणमला केरळात जो राजा प्रजेला भेटायला येतो, तो हाच महाबली! पौडच्या बाई आणि कोचीचे गृहस्थ एकमेकांकडे पडद्यातून पाहू लागले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण राजा एकच होता.

"मग सगळ्याच कथा घालू या का?" एका तरुणाने विचारले. दीड मिनिटात सहा कथा घातल्या तर प्रत्येकाच्या देवाला पंधरा सेकंद मिळतील, आणि सातवी राहून गेली म्हणून पुन्हा पत्र येईल. मी सुचवले, कथा पूर्ण काढा. दिवाळी का, हे ज्याच्या त्याच्या घरी आजी सांगेल. कंपनीने त्यात पडू नये. लोक काय करतात तेवढे दाखवावे.

तिसऱ्या वाक्यात खरा काटा होता, आणि तो मला इंग्रजीत दिसलाच नव्हता. मराठी करताना दिसला. 'आपल्या सर्वांच्या घरी लक्ष्मीचे आगमन होवो.' इंग्रजीत 'वी' हा एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. पाहुण्याला 'आम्ही जेवायला बसतो' आणि 'आपण जेवायला बसू' यांतला फरक लगेच कळतो. एकात त्याचे ताट नाही! तमिळ आणि मल्याळममध्येही असे दोन शब्द आहेत, हे पडद्यातल्या दोघांनी तिथल्या तिथे सांगितले. हिंदीत, बंगालीत हा भेद नाही, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो सुचतही नाही. त्यामुळे शुभेच्छा देणारा सरळ मनाने लिहितो, 'आपण पूजा करतो', आणि जो पूजा करीत नाही त्याला न विचारता पाटावर बसवतो. कुणी वाईट हेतूने हे करत नाही, म्हणूनच कुणाला तक्रारही करता येत नाही.

तेव्हा फळ्यावर आम्ही एवढे लिहिले : ज्याच्या घरची रीत त्याने 'आम्ही' म्हणून सांगायची, शुभेच्छा 'तुम्हांला' द्यायची, आणि 'आपण' हा शब्द खरोखर सामाईक असेल त्यालाच लावायचा. सामाईक काय? काम, उपाहारगृह, बस, वाहतूक. या कसोटीवर संहितेतले सात 'आपण' तपासले. त्यांतला एकच टिकला.

थंडीच्या गुलाबी चाहुलीचे एक वाक्य होते, ते मेलबर्नच्या बाईंनी एका दमात उडवले. तिकडे ऑक्टोबरात वसंत असतो आणि सूर्य संध्याकाळी साडेसातनंतर मावळतो. पणत्या लावायच्या तर जेवण उरकून वाट पाहावी लागते!

मग डावा रकाना. तिथे लिहिले होते : 'विविध धर्मांचे कर्मचारी, पारंपरिक वेषात, हाती पणती धरून हसत आहेत.' खोली जराशी गप्प झाली. मीही काही बोललो नाही. दुपारी उपाहारगृहात ती मुलगी आपणहून माझ्या समोर येऊन बसली.

"सर, तीन वर्षं पणती मीच धरते," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी मला आवडलं होतं. दुसऱ्या वर्षी म्हणाले, ओढणी डोक्यावर घे, म्हणजे कळेल. मी ऑफिसात ओढणी डोक्यावर घेत नाही. तिसऱ्या वर्षी मला कुणी विचारलंच नाही, यादीत नावच होतं. मला दिवाळीचा राग नाही हो. आमच्या शेजारच्या काकूंचा चिवडा दरवर्षी आमच्याकडे येतो, आणि अम्मी तो डबा कधी रिकामा परत पाठवत नाही. पण इथं मी हिशेब करते, ते कधी कुणी चित्रात घेतलं नाही."

मी काय उत्तर देणार? चहा थंड झाला.

भाचीला हे सांगितले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि दुसऱ्याच क्षणी ती कंपनीची अधिकारी झाली. "पण मामा, तिला नाही घेतलं तर लोक म्हणतील, मुसलमानांना वगळलं."

वरिष्ठांची भीती तिच्या पाठीशी होती. २०२० साली तनिष्कने एका मिश्र कुटुंबाच्या डोहाळजेवणाची जाहिरात गदारोळानंतर मागे घेतली, आणि २०२१ साली फॅबइंडियाने ऐन दिवाळीआधी उर्दू नावाची जाहिरात काढून टाकली. हे दोन्ही दाखले त्या कचेरीत वारंवार दिले जात. त्या भीतीपोटी तरुण मंडळींनी चार दिवसांत दुसरा मसुदा केला. त्यात दिवाळी हा शब्दच नव्हता. 'प्रकाशाच्या या ऋतूत आनंद वाटू या.' सोनेरी ठिपके, तरंगणारे दिवे आणि मंद पियानो. चेन्नईच्या बाईंनी तो पाहून विचारले, "छान आहे. नाताळचा आहे का?"

पहिल्या मसुद्यात सगळ्यांना एका घरात कोंबले होते, दुसऱ्यात घरच नव्हते. ज्याचा सण आहे त्याच्या सणाचे नाव पुसून दुसऱ्याचा मान राखला जात नाही. तो दुसरा काही तुमच्या दिवाळीवर रुसलेला नसतो. त्याच्यावर ती लादली म्हणून तो अवघडलेला असतो. दिवाळीला दिवाळीच म्हणा, असे मी आग्रहाने सांगितले.

मग आम्ही शहाणपण सोडले आणि एक प्रश्न पाठवला : 'दिवाळीच्या दिवसांत तुम्ही खरोखर काय करता? दोन वाक्यांत सांगा. काही करत नसाल तर तेही सांगा. व्हिडिओत यायचे नसेल तर कारण द्यावे लागणार नाही.' प्रश्न धर्म पाहून पाठवला नाही. प्रत्येक शाखेतल्या प्रत्येक पाळीच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून काढल्या. त्यात दिवसपाळी होती तशी रात्रपाळीही होती. पौडच्या बाई म्हणाल्या, "आम्हांला कुठली मेल?" तेव्हा ध्यानात आले की 'सर्व कर्मचाऱ्यांना' जाणारा व्हिडिओ कंत्राटी माणसांना जातच नव्हता. पहारेकरी, सफाईवाल्या बाया, बसचे चालक, स्वयंपाकी यांना कंपनीची पत्रपेटीच नाही. वर्षानुवर्षे त्यांच्यासमोर दिव्यांच्या माळा लागत होत्या, पण शुभेच्छा त्यांच्या डोक्यावरून मेलबर्नला जात होत्या! व्हिडिओ उपाहारगृहातल्या पडद्यावरही लावायचा, असे तिथेच ठरले.

त्या मुलीचे नाव चिठ्ठीत निघाले. तिने लिहिले, 'या वेळी नको.' भाची माझ्याकडे बघू लागली. मी म्हटले, "प्रश्नात काय लिहिलं होतं? कारण द्यावं लागणार नाही. आता ते खरं करून दाखव." तिने नाव खोडले. मात्र तारखांचे सगळे काम त्या मुलीकडे दिले, तिला विचारून, आणि शेवटच्या श्रेयनामावलीत तिचे नाव तिच्या कामासह आले.

आता थोडे मोजमाप. निवेदक सावकाश बोलला तर सेकंदाला दोन शब्द, म्हणजे दीड मिनिटात एकशे ऐंशी. पण माणसे निवेदक नसतात. ती थांबतात, हसतात. म्हणून शंभरावर जायचे नाही असे ठरवले. कचेरीत बहुतेक लोक आवाज बंद ठेवून बघतात आणि ज्यांना ऐकू येत नाही तेही असतात, म्हणून खाली अक्षरे हवीतच. एका वेळी दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरे, त्याहून जास्त डोळा वाचत नाही. इंग्रजीची दोन वाक्ये दुसऱ्या भाषेत पुष्कळदा लांबतात, तेव्हा मूळच आखूड हवे. 'दुधात साखर' असे काही लिहिले तर परदेशी माणूस चहाची कृती समजतो. आणि फटाक्यांचे लखलखाट काढले. सेकंदाला तीनाहून अधिक वेळा पडदा झळाळला तर काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो, हे चित्रण करणाऱ्या मुलाने सांगितले. मला नवीनच होते.

शेवटी जे झाले ते हे. ज्याने त्याने आपल्या भाषेत सांगितले; मी मराठी देतो.

पौडच्या बाई, मागे पिवळे शिवार : "आमच्याकडं दिवाळी आणि भातकापणी एकदमच येते. पाडव्याला बळीची पूजा, की लगेच विळा हातात."

चेन्नई : "आम्ही पहाटे उठतो. आजी डोक्यावर तेल थापते. दुपारी सगळं घर झोपलेलं असतं."

कोलकाता : "आमच्याकडे कालीपूजा. आदल्या संध्याकाळी आई चौदा दिवे लावते. एक नेहमी विझतो."

कोची : "आमचा सण ओणम. दिवाळीत मी दुसऱ्यांची पाळी घेतो. ओणमला ते माझी घेतात."

मेलबर्न : "मी दिवाळी करत नाही. शेजारच्या टेबलावर डबा उघडला की मात्र मी तिथे असते."

रात्रपाळीचा पहारेकरी, फाटकापाशी : "लक्ष्मीपूजनाला मी इथंच. पोरं फोनवर आरती दाखवतात."

आणि काळ्या पडद्यावर, कुणाच्याही आवाजाविना : 'ज्यांची दिवाळी आहे त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. या दिवसांत कामावर आहेत त्यांचे आभार. आपण सोमवारी बसमध्ये भेटू.'

हा 'आपण' तोच, टिकलेला.

सनई काढली होती. तिच्या जागी चकली तळल्याचा, नळाचा आणि फाटकाच्या कड्यांचा आवाज ठेवला. वरिष्ठांनी पाहिले आणि विचारले, यात कंपनीचे यश कुठे आहे? भाचीने उत्तर दिले नाही, पण तीन दिवस कुरबुर चालली. अखेर शेवटी दोन सेकंद बोधचिन्ह घालून तह झाला. एक चूक आमचीही राहिली. गुजराती मित्राने नंतर सांगितले की 'सोमवारी भेटू' म्हणजे नव्या वर्षाच्या सुट्टीत त्याला कामावर बोलावल्यासारखे वाटले. तो त्या आठवड्याचा सोमवार समजला होता. तारीख घालायला हवी होती.

एकवीस तारखेला संध्याकाळी भाचीकडे फराळाला गेलो होतो. परतताना तिने काही कागद द्यायला कचेरीत गाडी थांबवली. उपाहारगृहात पडद्यावर तोच व्हिडिओ फिरत होता, आवाज बंद. खाली अक्षरे सरकत होती. पाळीवरचे दोघे-तिघे जेवता जेवता वर बघत होते. फाटकावरचा पहारेकरी स्वतःच्या चित्रापाशी उभा राहून शेजाऱ्याला सांगत होता, "पट्टा जरा वाकडा दिसतोय रे."

हिशेब विभागातली मुलगी वर्षअखेरीच्या कसल्याशा कामासाठी थांबली होती. जाताना तिने भाचीच्या हातात एक डबा ठेवला.

"काकूंचा आहे," ती म्हणाली. "रिकामा परत द्यायचा नाही, ताई."

भाचीने झाकण उघडून पाहिले. आत शेवया होत्या.